रविवारचा बांगडा

…तर तो सुरा मुकादमाच्या बाहीतून आरपार गेला आणि खालच्या फळीत दोन बोटं रुतून बसला. कातडीला ओरखडासुद्धा नाही! मुकादमाचा चेहरा पांढराफटक. आणि ही बया काय म्हणते? "साहेब, हात इथंच ठेवा, माझी अजून दोन टोपल्या मासळी साफ करायची आहे." खरंच दोन टोपल्या होईपर्यंत दुसऱ्या सुऱ्याने काम करत बसली. मुकादम बाही फाडून पळाला. त्यानंतर त्या शेडमध्ये बायकांच्या अंगचटीला जायची कुणाची टाप नव्हती.

ही बया म्हणजे आमची वहिनी. तेव्हा ती वहिनी झालेली नव्हती, मासळी कापायच्या शेडमध्ये रोजावर होती. आमचा दादा बर्फाच्या कारखान्यात. बर्फाची गाडी घेऊन शेडवर जायचा तो हा प्रकार बघून आला, आणि रात्री जेवताना म्हणाला, "लग्न करीन तर हिच्याशी." बाबांनी ताट भिरकावलं. ते काही विशेष नाही. बाबा ताट भिरकावायचेच.

बाबांना होड्या लागायच्या धक्क्यावर सगळे 'घण' म्हणायचे. होड्या दुरुस्त करणारा सुतार माणूस. हातात लाकडी मोगरी, आणि डोक्यात तिच्याहून जड काहीतरी. बोलायच्या आधी हात उचलायचा. मी त्यांच्याच हाताखाली काम शिकलो. पाठीवर रंधा बसला म्हणजे काय होतं ते मला विचारा. आमचं घर म्हणजे दुरुस्तीच्या आवारामागची एक लांबडी खोली, वर पत्रा, आणि जेवायच्या जागेसमोरच्या भिंतीवर चंद्रकोरीसारख्या खाचा. ताटाच्या कडा लागून पडलेल्या. आई त्या दर वर्षी चुन्याने भरायची, वर्षभरात पुन्हा तेवढ्याच पडायच्या. मीठ जास्त, एक खाच. काटा घशात, दोन खाचा.

वहिनी घरात आली तेव्हा तिने पहिल्यांदा ती भिंत पाहिली. मला हळूच विचारलं, "भावजी, हे काय?" मी म्हटलं, "हा आमचा हिशोब." ती हसली नाही. म्हणाली, "मग आधी मासळी नीट आणायला हवी."

आणि तिथून तिचं राज्य सुरू झालं. पुढे तिची दोन पोरं धरून सात माणसं, तुटपुंजा पैसा, आणि रोज मासळी हवीच, नाहीतर बाबांना घास उतरत नसे. पापलेटं-सुरमया बघायच्या, आणायच्या नाहीत. वहिनीने हलक्या मासळीचा असा आठवडा बसवला की बोलायची सोय नाही. आमच्या धक्क्याला होड्या सोमवार, बुधवार आणि शुक्रवार पहाटे लागत. तिचा पहिला कायदा असा, की तेलकट मासळी होडी लागेल त्याच दिवशी चुलीवर चढली पाहिजे. तारली, बांगडा, हे तेलाचे मासे. पांढऱ्या मांसाची मासळी बर्फात एक-दोन दिवस दम धरते. दादा कारखान्यातून फुटका बर्फ पोत्यात घालून आणायचा, त्यामुळे बर्फाची चणचण नव्हती.

सोमवारी तारल्या. ढिगाने मिळायच्या. त्यांचं चिंच घालून घट्ट आंबट कालवण. त्यात तेल नावालाच, कारण तारली स्वतःचंच तेल सोडते, आणि भांड्यात डाव घालायचा नाही, दोन्ही कानांना धरून भांडंच गरगर हलवायचं, नाहीतर मासा मोडून काट्यांचा चिखल. तेच कालवण रात्री नि सकाळी खळखळून उकळायचं आणि मंगळवारी भाताशी खायचं. मुरल्यावर तर काय सांगू! बुधवारी बांगडा. अंगावर तिरक्या चिरा पाडून मीठ-मिरची-हळद नि चिंचेचा कोळ, तांदळाच्या पिठात लोळवून तव्यावर. डोकी टाकायची नाहीत, त्यांचा रस्सा. गुरुवारी बुधवारचीच बर्फातली वाकटी. पट्ट्यासारखा लांब मासा, त्याचे बोटभर तुकडे करून कुरकुरीत तळायचे. शुक्रवारी मांदेली. बोटाएवढा जीव, चिमटीने मुंडी ओढली की पोटातलं सगळं बरोबर येतं. ओंजळी-ओंजळीने तळायची, काट्यासकट खायची. शनिवारी शुक्रवारचाच बर्फातला शिंगाळा, झणझणीत रश्शात. त्याचे तीन काटे मात्र आधी पकडीने मोडायचे. तो काटा टोचला की दादासारखा रेडा माणूससुद्धा दिवसभर कण्हतो, हे मी पाहिलंय.

आणि रविवारी मुशीचा भात. रविवारी होड्या नाहीत. शनिवारी संध्याकाळी कुणी समुद्रात जात नसे, जाळी विणत बसत. म्हणून वहिनी शुक्रवारी छोटी मुशी, म्हणजे लहान शार्कच, घ्यायची, धक्क्यावरच तिचं रक्त वाहू द्यायची, आणि बर्फात पुरून ठेवायची. रविवारी उकळतं पाणी ओतून तिची वाळूच्या कागदासारखी कातडी खरवडायची, मग उकडून मऊ मांस सोडवायचं, नि कांदा-मिरचीवर परतून भातात घालायचं. लोक मुशीला नाकं मुरडायचे. वहिनी म्हणायची, "मुशी गुणाची. बिघडली तर नाकाला सांगते, मुतारीसारखी घाण मारते. बांगडा दगाबाज. बांगडा सांगत नाही."

सहा-सात वर्षांत भिंतीवर नवी खाच पडली नाही. आईने चुना आणायचाच सोडला. बाबांचा हात मात्र बाहेर चालूच होता. एकदा उधारीवरून नाही, पैशावरून नाही, नुसतं 'तुम्ही बसवलेला तळ वाकडा' असं म्हणाल्याबद्दल त्यांनी एका तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, त्याच्याच वल्ह्याने बडवलं. घरात मात्र शांतता. माझा आपला समज, की माणसाच्या पोटात वेळेवर गरम कालवण गेलं की अर्धा राग तिथेच विरघळतो. उरलेला अर्धा कुठे जातो, ते त्या रविवारी कळलं.

धक्क्यावर एक व्यापारी होता, त्याला गुळ्या म्हणत. जिभेवर गूळ, वजनाच्या पारड्याखाली लोहचुंबक. वहिनी त्याच्याकडून काही घेत नसे, आणि बघायला आलेल्या बायकांनाही कल्ले उघडून दाखवायची, "हे बघा, रक्त धुऊन काढलंय." गुळ्याच्या डोळ्यांत ती खुपत होती. त्या रविवारी सकाळी बाबा धक्क्यावर गेले, तेव्हा गुळ्याने चारचौघांत त्यांना गाठलं.

"काय घणमामा, आज काय बेत?"

"मुशीचा भात."

"सुनेनं ठरवलं वाटतं!" गुळ्या बाकीच्यांकडे बघून डोळा मारतो. "अख्ख्या धक्क्याला घाम फोडणारा घण, आणि घरात ताटावर बसून सुनेच्या हुकमाची वाट बघतो. अहो, बांगडा खा बांगडा! वाट्याच्या भावात अख्खी पाटी देतो, तुमच्यासाठी. की विचारून येता घरी?"

झालं. बाबा पाटी खांद्यावर घेऊनच घरी आले. पाटी धाडकन वहिनीपुढे टाकली. "तळ."

वहिनी मुशीची कातडी खरवडत होती. तिने हात पुसले, एक बांगडा उचलला. वरून झकास दिसत होता, बर्फ लावलेला. तिने पोट दाबलं, बोट आत गेलं ते वर आलं नाही. कल्ला उघडला, आतून पांढुरका. शेपटीला धरून आडवा केला, तर फडक्यासारखा लोंबला.

"मामंजी, आज रविवार. होडी लागली नाही. हा शुक्रवारचा माल आहे. शुक्रवारी माल न्यायची गाडी आली नव्हती, दुपारपर्यंत पाट्या उन्हात होत्या, मी डोळ्यांनी पाहिलंय. मग बर्फ लावलाय. एकदा उन्हात तापलेला बांगडा बर्फाने सुधारत नाही."

"वास येतो का?"

"वास नाही येत. म्हणूनच तर…"

"वास येत नाही, मग मिरची लाव, लिंबू पिळ नि कडकडीत तेलात टाक! तेलात यम मरतो!"

"हे तेलात मरत नाही, मामंजी."

थप्पड एवढ्या जोरात बसली की वहिनीचा खांदा फळीवर आपटला आणि मुशी जमिनीवर घसरली. दादा मोरीवर तोंड धूत होता, तो तसाच ओल्या तोंडाने धावला. मधे पडला. बापाने त्याची गचांडी धरून त्याला चौकटीवर आदळलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात. दादाने पण बापाच्या पोटात डोकं घातलं. दोघे भांड्यांच्या मांडणीवर कोसळले, पातेली खणखणाट करत घरभर. आई "सोडा रे, सोडा!" करत मधे गेली नि तिच्या कोपराला मार बसला. मी? मी दारात उभा होतो. खरं सांगायचं तर कुणाला धरावं ते मला कळेना.

शेवटी वहिनीच उठली. गाल सुजलेला. तवा ठेवला. "तळते," म्हणाली. "पण पोरं हे खाणार नाहीत. मीही नाही." तिची दोन पोरं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसली होती. तिने त्यांच्यापुढे मुशीचा भात वाढला, स्वतःला वाढला. आम्हाला बांगडा.

आम्ही खाल्ला. दादाने पण खाल्ला, एका हाताने भुवईवर फडकं दाबून. बापाचा राग शमवायचा तर खाल्लंच पाहिजे, असं त्याला वाटलं असेल. आईने भीतीने एक खाल्ला. मी तीन. बाबांनी पाच, आणि प्रत्येकाला "बघ! बघ!" म्हणत. चव? झकास! फक्त जिभेवर मिरीसारखं चुरचुरत होतं. मला वाटलं वहिनीने रागाने मसाला जास्त लावला.

अर्धा तासही झाला नसेल. माझे कान तापले. मग मान, मग छाती. काळीज असं धडधडायला लागलं की जणू कुणी आतून दार ठोकतंय. डोकं फुटायला आलं. बाबांकडे बघतो तर चेहरा टोमॅटोसारखा, मानेवर लाल गांधी उठलेल्या. आई मोरीत ओकत होती. दादा भिंतीला टेकून धापा टाकत होता. आणि वहिनी व पोरं, तिघंही साफ ठणठणीत.

बाबांनी आमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. घणाच्या डोक्यात विचार शिरायला वेळ लागायचा, पण शिरला की खिळ्यासारखा बसायचा.

"विष!" बाबा ओरडले. "हिने विष घातलं! म्हणून हिने खाल्लं नाही! म्हणून पोरांना दिलं नाही!"

त्यांनी कोपऱ्यातली मोगरी उचलली. वहिनी दाराकडे वळली, आणि आता सांगायला नको, पण सांगतो, मी दार लावून घेतलं. कडी घातली. पाठ लावून उभा राहिलो. माझं अंग जळत होतं, डोकं ठणकत होतं, आणि मलाही तसंच वाटलं. पण तिला लागलं ते माझं नाही. दादा भिंतीला टेकलेला, तो म्हणाला, "तू का नाही खाल्लंस गं?" एवढंच. नवरा. दोन पोरांचा बाप. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. थप्पड खाताना तिचं तोंड तसं झालं नव्हतं.

बाबांनी मोगरी उगारली. वहिनी मागे सरली नाही.

"मामंजी," ती म्हणाली, "मारा. पण मग पोरांना काय सांगाल? आईने विष घातलं म्हणून? आधी खात्री करा. पाटीत सात बांगडे उरलेत. मी त्यांना हात लावला नाही. तुमच्या हाताने एक उचला. तुमच्या हाताने साफ करा, तुमच्या हाताने पाण्यात उकळा. मसाला नको, तेल नको, मी चुलीच्या जवळही येत नाही. मग मी तो खाते. मला काही झालं नाही, तर विष माझ्या हातात होतं. मग मारा."

बाबा थबकले. हे त्यांना समजलं. सुतार माणूस, मोजून बघायची भाषा त्याला कळते.

माझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाक केला तो असा, तोंड लाल, काखेत मोगरी. त्यांनी पाटीत हात घालून मधलाच एक बांगडा काढला. साफ करायला सुरा सापडेना, तर पटाशी घेतली! लाकूड तासायच्या पटाशीने बांगड्याचं पोट फाडलं, आतडी चुलीवर, विस्तवावर पडून चरचर वाजली. पातेल्यात पाणी ओतलं. मीठ टाकायचं राहिलं. एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. तेव्हा घरात फक्त पाण्याची खळखळ आणि आईचं ओकणं.

चांगला पाव तास उकळला. वहिनीने तो अळणी, पांढरा, फुटका बांगडा ताटात घेतला. जमिनीवर बसून शेपटीपासून डोक्यापर्यंत सगळा खाल्ला. काटे एका बाजूला लावून ठेवले. मग भिंतीला पाठ लावून बसली. बाबा समोर उभे, मोगरी घेऊन. दादा बघतोय. मी दारात.

दहा मिनिटं गेली. काही नाही. पंधरा. तिचा चेहरा होता तसाच, फक्त सुजलेला गाल निळा. बाबांचा हात मोगरीच्या दांड्यावर वर सरकला. धाकटं पोर रडायला लागलं, थोरल्याने त्याचं तोंड दाबलं. वहिनी म्हणाली, "अजून एक उकळा." आवाज सपाट.

"पुरे झालं!" बाबा पुढे आले. दादा उठायला गेला नि गुडघ्यावर पडला. मी दार सोडलं, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही, कदाचित बाबांना धरायला. आणि तेवढ्यात आई मोरीतून ओरडली, "मान बघा तिची! मान!"

वहिनीच्या गळ्यावरून लाली वर चढत होती. समुद्राचं पाणी वाळूवर चढतं तशी. मानेवरून हनुवटी, गाल, कपाळ. कान पेटले. गांधी उठल्या. ती मोठमोठ्याने श्वास घ्यायला लागली, घाम फुटला, आणि डोळे मिटून हसली. हो, हसली!

बाबांच्या हातातली मोगरी पडली ती त्यांच्याच पायावर. अंगठा फुटला. ते "आई गं" म्हणाले नाहीत. ते नुसते वहिनीकडे, मग पातेल्याकडे, मग पाटीकडे बघत राहिले. मग मोगरी उचलली आणि म्हणाले, "गुळ्या."

पुढचं काय सांगू! आम्ही तिघं लाल तोंडाचे वीर, अंगावर गांधी, काळीज ढोल वाजवतंय, रस्त्याने धावतोय. बाबा लंगडताहेत, दादाच्या डोळ्यावर रक्ताचं फडकं, हातात बर्फ ओढायचा लोखंडी आकडा. लोक दारं लावून घेत होते. धक्क्यावर पोचलो तर गुळ्या आमच्याकडे बघून हसला. "मसाला झोंबला वाटतं मामा! सुनेला सांगा मिरची कमी घाल!"

बाबांनी मोगरीने त्याचा तराजूच फोडला. पारड्याखालचं लोहचुंबक टणकन उडून बाहेर आलं, आणि बघ्यांमध्ये एकच आरडाओरडा. गुळ्याचे चार हमाल तुटून पडले. दादाने एकाच्या मांडीत आकडा घातला, दुसऱ्याने दादाच्या बरगड्यांत लाथ. बर्फाच्या लाद्या फुटून पायाखाली काचा झाल्या, त्यात रक्त सांडून गुलाबी पाणी. मला एकाने गोठलेला शिंगाळा फेकून मारला! सरळ तोंडावर. पुढचे दोन दात गेले ते तिथेच. हे बघा, अजून खिंड आहे. मी ते दात शोधायला खाली वाकलो, तेव्हा मला वहिनीचे पाय दिसले.

ती मागून आली होती. तोंड आमच्यासारखंच लाल. हातात घरचा रॉकेलचा डबा. मारामारीकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. सरळ गुळ्याच्या बांगड्यांच्या पाट्यांकडे गेली. सहा पाट्या, ग्राहक बायका रांगेत उभ्या. तिने डब्याचं तोंड उघडलं आणि एकेका पाटीवर रॉकेल ओतलं. शांतपणे, झाडांना पाणी घालावं तसं.

"हे कुणाच्या पोरांनी खायचं नाही," म्हणाली.

गुळ्याने मागून तिचा अंबाडा धरला. तिने वळून पाहिलंसुद्धा नाही, रिकामा डबा मागे फिरवला नि त्याच्या गुडघ्यावर हाणला. कट्‌कन आवाज झाला. गुळ्या किंचाळत बसला तो बसलाच. पुढे काठी लागली त्याला. आणि त्या रांगेतल्या बायका, ज्यांना तो इतकी वर्षं लोहचुंबकाने तोलत आला होता, त्यांनी मग जे केलं ते मी सांगत नाही. घरात लहान मुलं ऐकतात.

संध्याकाळी दवाखान्यात आम्ही रांगेने बाकावर बसलो. डॉक्टरने दादाची भुवई शिवली, माझ्या हिरड्यांत कापूस कोंबला, बाबांच्या अंगठ्याला पट्टी बांधली. आम्हाला अंगावर उठलेल्यासाठी गोळ्या दिल्या. म्हणाला, "उन्हात राहिलेल्या बांगड्यात, तारलीत जे तयार होतं ते उकळून, तळून जात नाही. चव-वासाला कळत नाही. तुमच्यातल्या कुणाला हे माहीत नव्हतं का?" बाबा फरशीकडे बघत होते. म्हणाले, "होतं एकीला." रात्र व्हायच्या आत सगळ्यांची लाली उतरली.

बाबांनी माफी मागितली? छे! घण कधी माफी मागतो? सोमवारी पहाटे होड्या लागायच्या वेळी ते वहिनीची टोपली घेऊन दारात उभे राहिले. एवढंच. तिच्या मागून तीन पावलांवर चालत धक्क्यावर गेले, टोपली वाहिली, आणि कुणी हसलं तर त्याच्याकडे बघितलं. मरेपर्यंत दर होडीच्या दिवशी वाहिली. दादाशी मात्र वहिनी महिनाभर बोलली नाही. त्याचं ताट वाढायची, काटे काढून द्यायची, पण बोलणं नाही. महिन्याने एका बुधवारी दादा बांगड्याचा पहिला तुकडा तिच्या तोंडाशी घेऊन बसला, तास झाला तरी हात खाली घेईना. तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

मी मात्र दार लावलं होतं, ते माझ्या मनातून जाईना. मला पोरं झाली, नातवंडं झाली. वहिनी आता पंच्याऐंशीची आहे. बाजारात जात नाही, पण सून टोपली घेऊन आली की अजून एकेका बांगड्याचं पोट दाबून बघते. परवा ती ओट्यावर बसून मांदेलीच्या मुंड्या चिमटत होती, मी समोर बसलो होतो, आणि शेवटी मी विचारलंच. म्हटलं, "वहिनी, एक सांगा. तो बांगडा उकळत होता, बाबा मोगरी घेऊन उभे, दादाने तसं विचारलेलं, मी दार अडवलेलं. तेव्हा तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली? त्या माशाची, की आमची?"

तिने मुंडी चिमटली, मासा ताटात टाकला, पुढचा उचलला.

"कशाचीच नाही, भावजी. मासा मारत नाही, चार तास अंग जाळतो नि सोडतो, ते मला शेडमधून ठाऊक होतं. आणि तुम्हा लोकांची काय भीती, रोजची होतात. भीती एकच होती. पाटीतला प्रत्येक बांगडा बिघडलेला नसतो. एखादा सावलीला राहिलेला चांगला निघतो. मामंजींनी नेमका मधला उचलला, वरच्यांच्या सावलीतला. आयुष्यभर देवाकडे चांगला मासा मागत आले, त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, देवा, एवढा एक सडका निघू दे."